शेजारचे दात बघून ठरव

तू पाठवलेला एक्स-रे मोठा करून नीट पाहिला. खालची डावी पहिली मोठी दाढ गेलीय. तिच्या पुढची उपदाढ अगदी निरोगी आहे, आणि मागच्या दाढेत तू कॉलेजात असताना भरलेली चांदी आहे, तीही चांगली खोल. दाढ काढून सहा-सात महिने होऊन गेले. आता जाऊबाई म्हणतात ब्रिज करून टाक, आठ दिवसांत मोकळी होशील. शेजारच्या काकू म्हणतात कशाला तीस-चाळीस हजार घालतेस, काढता-घालता दात बसव. आणि जावईबुवांनी मोबाइलवर इम्प्लांटबद्दल एवढं पाहून ठेवलंय की तुझी झोप उडाली. फोनवर अर्धवट बोलणं झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. दवाखान्यात पेशंटला सांगते तसं नाही, बहिणीला सांगते तसं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक, की तिघांतलं सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं. तसं नसतं. अमरावतीत इतकी वर्षं कवळ्या, ब्रिज आणि इम्प्लांट बसवून माझं मत असं झालंय की रिकाम्या जागेकडे फार बघू नये, तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांकडे बघावं. निम्मा निर्णय तेच देतात. उरलेला निम्मा तुझं हाड आणि तुझी शुगर देते. पैसा त्यानंतर येतो, आणि तोही फक्त आजचा धरून चालत नाही.

तू विचारलंस, तशीच जागा ठेवली तर? दिसत तर नाही कुणाला. खरंय, दिसत नाही, आणि उजव्या बाजूने भाकरी चावून होतेच. पण दात आपल्या जागी राहतात ते एकमेकांच्या आधाराने. मागची दाढ हळूहळू पुढे कलायला लागते, आणि वरची दाढ, जिला आता खाली चावायला जोडीदार नाही, ती खाली उतरते. महिन्या-दोन महिन्यांत काही कळत नाही. पण चार-पाच वर्षांनी पेशंट येतो तेव्हा वरची दाढ खालच्या हिरडीला टेकायला आलेली असते आणि नवा दात बसवायला उंचीच उरलेली नसते. मग आधी त्या वरच्या चांगल्या दाढेवर काम करावं लागतं. दुसरं म्हणजे हाड. दात काढल्यावर जबड्याच्या त्या भागाची रुंदी पहिल्या वर्षातच जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणजे तुझं जे जायचं ते बरंचसं गेलेलं आहे. घाबरू नकोस, पण आणखी दोन वर्षं विचार करण्यात घालवू नकोस. अक्कलदाढ किंवा अगदी शेवटची दाढ गेली असती तर मीच म्हटलं असतं की राहू दे, पुढच्या दाढांवर आरामात भागतं. पहिली मोठी दाढ मात्र चावण्याचा बराच भार घेते, तिची जागा भरावी.

आता जाऊबाईंच्या ब्रिजकडे येऊ. ब्रिज म्हणजे तीन कॅप एकमेकींना जोडलेल्या. मधली कॅप हवेत, हिरडीवर नुसती टेकलेली, आणि दोन्ही टोकांच्या कॅप शेजारच्या दातांवर सिमेंटने पक्क्या. त्या कॅप बसाव्यात म्हणून शेजारचे दोन्ही दात सगळ्या बाजूंनी तासावे लागतात, चावायच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर. तासलेलं इनॅमल परत येत नाही. तासताना आतल्या नसेला धक्का बसला तर पुढेमागे त्या दाताचं रूट कॅनल करावं लागतं. काम मात्र झटपट होतं: एक दिवस तासून माप घ्यायचं, तात्पुरती कॅप घालून घरी जायचं आणि आठवड्याभरात पक्की कॅप. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. म्हणून ते लोकांना सोपं वाटतं, आणि ज्याच्या शेजारच्या दोन्ही दातांना तशाही कॅप लागणार आहेत त्याच्यासाठी ते खरंच उत्तम आहे. अशा पेशंटला मी इम्प्लांट सुचवतसुद्धा नाही.

ब्रिज कुठे हरतो ते तुला माहीत असायला हवं. दर्यापूरकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. ब्रिज दुसरीकडे केलेला, नऊ-दहा वर्षांचा. म्हणाल्या, “मॅडम, दुखत तं काई नाई, पन भात खाल्ला का तोंडाले वास येते.” मी आरसा लावून पाहिलं तर वरून कॅप चकचकीत. मधल्या दातावर बोट ठेवून हलकेच दाबलं तेव्हा पुढच्या कॅपच्या कडेतून थुंकीचा बारीक बुडबुडा आला. तेवढ्यावरच कळलं की आतलं सिमेंट विरघळलंय आणि कॅपखाली पाणी खेळतंय. ब्रिज कापून काढला. आतली उपदाढ तपकिरी झालेली, टोकदार अवजार टेकवलं तर आत रुतलं. दुखलं नाही, कारण त्या दाताचं रूट कॅनल आधीच झालेलं होतं, नस नव्हतीच. तो दात काढावा लागला. एका दाताची जागा भरायला गेलेल्या त्या बाईंच्या तोंडात आता दोन दातांची जागा झाली होती. ब्रिज निकामी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, टोकाच्या दातात कॅपच्या कडेखालून लागलेली कीड. ती टाळायची तर मधल्या खोट्या दाताखालून रोज सफाई हवी, फ्लॉसचा दोरा ओवून किंवा फटीतल्या बारीक ब्रशने. साधा ब्रश तिथे पोचतच नाही. तू ते रोज करशील का, हे तुझं तुलाच माहीत.

इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लावत नाहीत. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, तो दाताचं मूळ होतो, आणि त्यावर कॅप. टायटॅनियम हाडाला घट्ट धरून बसतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं १९५२ साली, सशाच्या हाडावर वेगळाच अभ्यास करताना. त्यांनी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र काढायला गेले तर निघेना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. योस्टा लार्सन त्यांचं नाव. ते २००६ मध्ये वारले तेव्हाही ते इम्प्लांट काम देत होते. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही.

तुला शस्त्रक्रियेची भीती वाटते म्हणून ती कशी असते ते सांगते. दाढ काढताना देतात तेच भुलीचं इंजेक्शन. हिरडी थोडी उघडून हाडात लहान ड्रिलने सुरुवात करायची, मग जरा मोठं, मग त्याहून मोठं, आणि सगळा वेळ त्यावर थंड सलाइनची धार, कारण हाड तापलं तर त्याच्या पेशी मरतात आणि स्क्रू धरत नाही. दाढेच्या जागी साधारण साडेचार-पाच मिलिमीटर जाड आणि दहाएक मिलिमीटर लांब स्क्रू बसतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस हाडातून जाते, तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर राहिलंच पाहिजे. म्हणूनच त्या जागेचा थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, तो काढल्याशिवाय दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायला कुणी तयार झालं तर तू उठून ये. तू मला पाठवलाय तो साधा सपाट एक्स-रे आहे. त्यात हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही.

नंतर दोन-तीन दिवस सूज येते. दुसऱ्या दिवशी भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिर वाटला तर वाट न बघता लगेच फोन करायचा, नसेवर दाब असेल तर स्क्रू वेळेत मागे घ्यावा लागतो. बाकी मग थांबणं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड जरा पोकळ असल्याने चार ते सहा. या काळात तो स्क्रू हाडाशी एकजीव होतो. दाढ मागे असल्याने दिसायचा प्रश्न नाही, मधल्या काळात तिथे काही बसवायची गरज नसते. क्वचित स्क्रू धरतच नाही. तसं झालं तर कॅप बसवायच्या आधीच कळतं: तो हलतो, बहुतेकदा दुखतही नाही, आणि काढून घ्यावा लागतो. काही महिने हाड भरू देऊन पुन्हा बसवतात. तसं झालं तर दुसऱ्यांदा पैसे घेणार की नाही, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेव. त्यात संकोच कसला.

आता टिकण्याचं. इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. इम्प्लांट जन्मभर आणि ब्रिज दहा वर्षं, असं सर्रास सांगितलं जातं. मोठ्या अभ्यासांची बेरीज पाहिली तर दहा वर्षांनंतर शंभरातले पंचाण्णव इम्प्लांट हाडात शाबूत असतात. पण त्यांच्यावरच्या कॅप बघितल्या तर साधारण नव्वदच टिकलेल्या असतात, बाकीच्या फुटल्याने किंवा अशाच कारणाने बदललेल्या. आणि ब्रिज? तेही दहा वर्षांनी शंभरात नव्वदच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांपुरतं बोलायचं तर चावायच्या दाताचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक आहे तो बिघडल्यावर काय जातं यात. इम्प्लांटची कॅप फुटली तर खालचा स्क्रू तसाच राहतो, फक्त नवी कॅप लागते. स्क्रूच गेला तरी नुकसान त्याच जागेचं होतं. ब्रिज आतून किडला तर अनेकदा तुझा स्वतःचा, कधीकाळी चांगला असलेला दात जातो. मी इम्प्लांटकडे झुकते ती या एका कारणासाठी, टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी नव्हे.

इम्प्लांटलाही रोग होतो, हेही ऐकून ठेव. त्याला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, तिच्यामुळे दात दुखून आपल्याला सावध करतो. इम्प्लांटला ती गादी नाही, म्हणून तो दुखून सांगत नाही. ब्रश करताना तिथून रक्त यायला लागलं, दाबल्यावर पू दिसला किंवा हिरडी खाली सरकून धातूचे आटे डोकावायला लागले, तर ते दुखणं समजायचं आणि दाखवायचं. वर्षातून एकदा एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहायची. कॅप नुसती हलायला लागली तर मात्र हातपाय गाळू नकोस. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो कसता येतो. तसाच हलता ठेवून महिने काढले तर तो तुटतो, म्हणून आठवड्याच्या आत ये.

त्या स्क्रूवरून एक महत्त्वाचं आठवलं. इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर असतं. ते आपल्या फाइलमध्ये किंवा कार्डावर चिकटवून मागून घ्यायचं. स्वीडिश-स्विस कंपन्यांचे महाग इम्प्लांट आहेत, कोरियन आणि इस्रायली मध्यम भावाचे आहेत, हल्ली भारतीयही आहेत. प्रत्येकाचा आतला स्क्रू आणि तो कसायची चावी वेगळी असते. उद्या जावईबुवांची बदली पुण्याला झाली आणि तिथे कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरला ते स्टिकर बघितल्याशिवाय कोणती चावी लावायची ते कळणार नाही. माझ्याकडे असे पेशंट येतात, इम्प्लांट चांगला असतो, फक्त कोणत्या कंपनीचा ते कुणाला माहीत नसतं, आणि मग साध्या कामाला कॅप फोडायची वेळ येते.

काकूंच्या काढत्या-घालत्या दातावर आता थोडं स्पष्ट बोलते, कारण त्या प्रेमाने सांगतात तरी इथे मला त्यांचं पटत नाही. स्वस्त आहे, हे खरं. पण एकाच दाढेसाठी, एकाच बाजूला अडकवायचा तो चिमुकला दात धोक्याचा असतो. झोपेत किंवा घास घेताना सुटला तर पोटात जाऊ शकतो, आणि नशीब वाईट असेल तर श्वासनळीत. तार असलेला असेल तर आणखी वाईट. असा दात नीट करायचा तर तो खालच्या दातांच्या आतून पलीकडच्या बाजूपर्यंत गेलेला असला पाहिजे, म्हणजे एका दाढेसाठी जिभेखाली अख्खी पट्टी वागवायची. बायका आठवडाभर घालतात आणि मग तो दात पाण्याच्या वाटीत राहतो. शिवाय तो रात्री काढून ठेवायचा असतो, हेही अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि यात प्रकार आहेत. साधा अॅक्रिलिकचा असतो, तो सगळा भार हिरडीवर टाकतो. हल्ली जाहिरात होणारा मऊ, गुलाबी ‘फ्लेक्झिबल’ असतो. तो दिसायला छान, तार नाही, पण दातांवर टेकायला त्याला आधार नसल्याने चावताना हिरडीत रुततो, आणि सैल झाला की दुरुस्तही नीट होत नाही. टिकाऊ तो धातूच्या सांगाड्याचा, ज्याचे छोटे पाय शेजारच्या दातांवर टेकतात. आईची कवळी आठव, दर काही वर्षांनी खालून भरून घ्यावी लागते, कारण हिरडीखालचं हाड झिजत राहतं. यातही तेच होतं. साधा दात पाचेक वर्षं, धातूचा नीट सांभाळला तर त्याच्या जवळपास दुप्पट, एवढं मी धरते. ज्याचे दोन्ही बाजूंचे चार-पाच दात गेलेत, किंवा ज्याला शस्त्रक्रिया झेपणारच नाही, त्याच्यासाठी तो धातूचा सांगाडा फार चांगली गोष्ट आहे. तुझ्या एका दाढेसाठी नाही.

आठवडी बाजारात पेटी घेऊन बसणारे दोन तासांत ‘फिक्स’ दात बसवतात, त्याबद्दल तर बोलायचंच नाही. ते शेजारच्या दातांवर प्लॅस्टिक आणि तार गुंडाळून दात चिकटवतात. त्याखाली अन्न कुजतं आणि दोन वर्षांत तिन्ही दातांचा प्रश्न होतो. तुझ्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींनाही हे सांग.

आता पैसे. अमरावती-अकोल्यात मला जे भाव दिसतात ते सांगते, दवाखान्यागणिक थोडं पुढेमागे होईल. धातूवर चिनीमातीचा थर असलेली कॅप पाच हजारांच्या आसपास, म्हणजे तीन कॅपचा ब्रिज पंधरा ते अठरा हजारांत. झिर्कोनियाचा पांढराशुभ्र हवा तर तो पंचवीस-तीस हजारांवर जातो. दाढेसाठी एवढा खर्च केलाच पाहिजे असं मला वाटत नाही. एक इम्प्लांट, वरच्या कॅपसकट, तीस ते पंचेचाळीस हजार, कंपनीप्रमाणे. हाड कमी निघालं आणि भरावं लागलं तर त्याचे आणखी दहाएक हजार, आणि स्कॅनचे वेगळे. काढता-घालता साधा दात दोन-तीन हजारांत होतो, धातूचा दहाच्या पुढे. आरोग्य विम्यात हे बहुधा बसत नाही, अपघातात दात गेला असेल तर गोष्ट वेगळी. तरी पॉलिसी एकदा वाचून बघ.

हा आजचा भाव झाला. तू आता चाळिशीत आहेस, तेव्हा वीस वर्षांचा हिशेब कर, भाव आजचेच धरून. ब्रिजचे सोळा हजार. दहा-बारा वर्षांनी तो बदलायचा, पुन्हा सोळा, आणि तोवर एखाद्या दाताचं रूट कॅनल लागलं तर त्याचे चार. एकूण छत्तीस. इम्प्लांटचे अडतीस धरले आणि मधे एकदा कॅप बदलायची वेळ आली म्हणून दहा, तर अठ्ठेचाळीस. फरक बारा हजारांचा, म्हणजे वर्षाला सहाशे रुपये. त्या सहाशेत तुझी पुढची निरोगी उपदाढ न तासता राहते. आणि ब्रिज बदलायच्या वेळी ती उपदाढ गेलेली निघाली तर हा सगळा हिशेबच उलटतो, कारण मग दोन दात भरावे लागतात.

एकरकमी जमत नसेल तर लाजू नकोस. इम्प्लांटचा खर्च तसाही दोन टप्प्यांत येतो, स्क्रूचा आता आणि कॅपचा तीन महिन्यांनी. शिवाय अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, अकोल्यात जमनालाल गोयनका दंत महाविद्यालय आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, चार चकरा जास्त होतात, पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. तिथे कृत्रिम दातांचा विभाग वेगळा असतो, त्याचं नाव प्रोस्थोडॉन्टिक्स. नाव सांगून त्याच खिडकीवर केसपेपर काढायचा.

तुझ्या दिरांनी मधे मला विचारलं होतं, त्यांचीही दाढ गेलीय. त्यांना माझ्याकडून एवढं सांग. आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडायचं आणि स्वतःच्या हाताची तीन मधली बोटं उभी आत घालून बघायची. ती जात नसतील तर खर्ऱ्याने गालाच्या आतली त्वचा आवळत चाललीय. आपल्याकडे हा आजार घराघरात आहे, आणि त्याचं मूळ सुपारी आहे, तंबाखू नाही म्हटली तरी सुपारी पुरेशी असते. ज्याचं तोंड दोन बोटांपुरतं उघडतं त्याच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचतच नाही. ना इम्प्लांट, ना ब्रिजसाठी नीट तासणं, ना नीट माप. गाल पांढुरके आणि ताठ लागत असतील, तिखट भाजी झोंबत असेल, तर दाताचं राहू दे, आधी तोंड दाखवायला या म्हणावं. ते साध्या दुखण्यापेक्षा मोठं निघू शकतं. आणि जे खर्रा किंवा विडी सोडणार नाहीत त्यांना मी इम्प्लांट बसवत नाही. त्यांचे इम्प्लांट जास्त निकामी होतात, आणि त्यांचे पैसे पाण्यात घालायचा मला अधिकार नाही.

तुझं तसं काही नाही. पण तुझी शुगर मागे एकदा वाढलेली होती. उपाशीपोटीचा आकडा त्या सकाळपुरता असतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करून घे. सातच्या आत असेल तर निश्चिंत. आठच्या वर असेल तर आधी ती खाली आणायची, मग इम्प्लांट, कारण तोवर हाड आणि हिरडी दोन्ही भरायला उशीर लावतात. कुणी हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी दिली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना बोलायला लावायचं.

तर तुझ्यासाठी माझं मत असं. मागच्या दाढेला पुढेमागे कॅप लागणार, हा ब्रिजच्या बाजूचा मुद्दा आहे, आणि तुझे अकोल्यातले डॉक्टर ब्रिज सुचवतात ते म्हणूनच, चुकीचं काही नाही. पण पुढची उपदाढ अगदी कोरी आहे आणि ती लहान आहे. एका मोठ्या दाढेचा भार तिच्यावर टाकायचा म्हणजे तिला आयुष्यभर कामाला लावणं, तेही तासून. म्हणून मधे इम्प्लांट आणि मागच्या दाढेला तिची स्वतंत्र कॅप, सहा-सात महिन्यांनी केली तरी चालेल. कॅप शक्यतो स्क्रूने बसवलेली माग, म्हणजे पुढे सहज काढता येते. सिमेंटने चिकटवलेलीत जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तेच सूज सुरू करतं.

हे सगळं स्कॅनवर अवलंबून आहे. स्कॅन अकोल्यातच करून घे, रिपोर्टबरोबर फाइलही माग, नुसता कागद नको. नसेच्या वर मला निदान बारा मिलिमीटर हाड दिसलं आणि रुंदी साडेसहा-सातच्या पुढे असेल तर सरळ इम्प्लांट. रुंदी थोडी कमी असेल तर हाड भरून. उंचीच कमी निघाली किंवा एचबीए१सी खाली येत नसेल, तर मग ब्रिज, आणि त्या वेळी मी जाऊबाईंच्या बाजूने बोलेन. मात्र दोरा ओवून रोज सफाई कशी करायची ते मी तुला समोर बसवून शिकवल्याशिवाय तो बसवू देणार नाही. स्कॅन आणि रक्ताचा रिपोर्ट या आठवड्यात करून पाठव, आणि इम्प्लांट करायचा ठरला तर डॉक्टर कोणत्या कंपनीचा बसवतात तेही विचारून घे.